उशा, दोरी आणि आजीची खुर्ची

दुपारी साडेतीन ते साडेसहा हा काळ अनेक घरांत आजी-आजोबांच्या वाट्याला आलेला असतो. आईवडील कामावर, बालवाडी सुटलेली, आणि घरात चार वर्षांचे मूल व सत्तरीच्या आसपासचे माणूस. एकाला धावल्याशिवाय राहवत नाही आणि दुसऱ्याला धावणे शक्य नसते. या तीन तासांवर दूरदर्शन संचाचे किंवा मोबाईलचे राज्य कसे येते, हे मी माझ्या दवाखान्यात गेली सत्तावीस वर्षे ऐकत आलो आहे. त्यात आजीआजोबांचा आळस नसतो. मागे धावावे लागेल या भीतीने ते मुलाला बसवून ठेवतात, आणि ती भीती बहुतेक वेळा अगदी रास्त असते.

या भीतीवर एक जुजबी पण चांगला उपाय म्हणजे घरातल्याच उशा, लोड आणि दोरी वापरून अंगणात वा गच्चीवर मांडलेली छोटीशी अडथळ्यांची वाट. ती मांडण्याची रीत मात्र थोडी उलटी आहे. पहिला अडथळा कुठे ठेवावा हा प्रश्न नंतरचा. आधी मोठ्या माणसाची खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवावे आणि मग तिच्याभोवती वाट आखावी. मूल फिरून फिरून खुर्चीपाशीच येईल अशी वाट असली, तर मोठ्या माणसाला उठावे लागत नाही. सरळ रेषेत मांडलेल्या वाटेच्या शेवटी मूल पुढे निघून जाते आणि आजी त्याच्यामागे. अशा वेळी पडते ती बहुधा आजी.

एक घर उदाहरणादाखल घेतो. सातारा जिल्ह्यातील एका गावात अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध गृहस्थांना पाहायला मी महिन्यातून एकदा जात असे. त्यांच्या पत्नी अडुसष्ट वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून त्यांचे मनगट मोडले होते आणि तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे निघाले होते. नातू चार वर्षे दोन महिन्यांचा. “डॉक्टर, याच्या पायांना चाकं आहेत आणि माझ्या पायांना बेड्या,” असे त्या एकदा म्हणाल्या. मागचे अंगण बारा फूट रुंद व सोळा फूट लांब, शहाबादी फरशीचे. एका टोकाला तुळशीवृंदावन, दुसऱ्या टोकाला नळ आणि धुण्याचा दगड. नळाजवळची फरशी कायम ओलसर, वृंदावनाचे कोपरे दगडी व टोकदार. दोन्हीकडून तीन-तीन फूट सोडल्यावर मधे दहा-बारा फुटांचा चौक उरला, आणि तेवढी जागा पुरेशी होती.

खुर्ची आम्ही नळाच्या बाजूला, चौकाच्या कडेला ठेवली. ओल्या फरशीकडे जाण्याची वाट त्यामुळे खुर्चीनेच अडली. खुर्ची हात असलेली, न हलणारी आणि बसल्यावर पाय पूर्ण टेकतील एवढ्याच उंचीची घेतली. प्लास्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते, म्हणून ती नको म्हटले. खुर्चीपासून घराच्या दारापर्यंतचा पट्टा मोकळा ठेवला. त्या पट्ट्यात उशी नाही, दोरी नाही, मुलाची चप्पलही नाही. हे मी फार आग्रहाने सांगतो. दारावर कोणी हाक मारली की माणूस खाली न पाहता उठते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर एकदम उठल्यावर क्षणभर अंधारीही येते, आणि त्याच क्षणी पाय दोरीवर पडतो.

दोरीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. बाजारातली नायलॉनची दोरी गोल, गुळगुळीत आणि टणक असते. ती पायाखाली लाटण्यासारखी फिरते, मुलाच्याही आणि आपल्याही. काथ्याची दोरी कोवळ्या तळव्यांना टोचते. सर्वांत उत्तम म्हणजे जुन्या सुती साडीची वेणी. नऊवारी साडीच्या लांबीच्या बाजूने तीन पट्ट्या फाडाव्यात, त्या सैलसर विणाव्यात आणि दोन्ही टोके सुईदोऱ्याने टाचून घ्यावीत. वेणीत लांबी घटते, तरीही कामाला पुरेल एवढी सहज उरते. ती चपटी बसते, पायाखाली फिरत नाही. साडी गडद रंगाची निवडावी. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना करड्या फरशीवरची पांढरी दोरी दिसत नाही, लाल किंवा जांभळी दिसते. या आजींनी एक जुनी जांभळी इरकल काढली. विणण्यात त्यांच्या दोन दुपारी गेल्या, आणि मोडलेल्या मनगटाला तो व्यायामही झाला.

दोरीचा दुसरा नियम असा की ती जमिनीवरच राहील. नातवाच्या काकाने हौसेने अंगणातल्या दोन खांबांना फूटभर उंचीवर दोरी बांधून दिली होती, ओलांडून उडी मारायला. ती मी सोडवली. बांधलेली दोरी मुलाचा पाय अडकल्यावर सुटत नाही. पाय मागे राहतो, धड पुढे जाते आणि तोंड फरशीवर आपटते. पुढचे दात पडलेली, हनुवटीला टाके घातलेली मुले मी अशा प्रसंगांनंतर पाहिली आहेत. ओलांडण्याचा खेळ हवाच असेल तर दोन उशांवर वेणी नुसती आडवी टेकवून ठेवावी. पाय लागला की ती खाली पडली पाहिजे. आणि दोरीचा फास कधीही होऊ देऊ नये, ती जाळीला, झोक्याला किंवा कठड्याला लोंबकळत ठेवू नये. चार वर्षांच्या मुलाला गळ्यातला फास स्वतः सोडवता येत नाही आणि त्याला ओरडताही येत नाही.

उशांमध्येही निवड आहे. सोफ्याच्या गुळगुळीत कापडाच्या, फोम भरलेल्या उशा फरशीवर सरकतात. मूल उशीवर उडी मारते, उशी पुढे जाते आणि मूल पाठीवर पडते. (सोफ्याच्या उशा अंगणात नेल्याने सुनेशी होणारा वाद हा आणखी एक तोटा.) कापसाच्या जुन्या, जरा दबलेल्या उशा आणि गिरद्या अधिक चांगल्या. त्यांच्याखाली गोणपाट अंथरावे, म्हणजे त्या जागच्या जागी राहतात. अंथरल्यावर आपल्या काठीच्या टोकाने उशी ढकलून पाहावी. काठीने सरकली तर मुलाच्या उडीने नक्कीच सरकेल.

आता त्या अंगणातली वाट. खुर्चीजवळ सतरंजीचा तुकडा, तिथून सुरुवात. पुढे सहा फूट वेणी सरळ पसरलेली, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचे. या वयाचे मूल मधे मधे दोरीवरून खाली उतरते, त्याला टोकू नये. टाचेला अंगठा लावून अचूक चालणे त्याला पाचव्या वर्षाच्या पुढेमागे जमू लागते. त्यानंतर चार उशा, दोन उशांच्या कडांमध्ये एक वीतभर अंतर, ओढ्यातल्या दगडांसारख्या. मग एक जाडजूड लोड आडवा, त्याच्यावर चढून पलीकडे उतरायचे, आणि पलीकडे घडी घातलेली गादी. लोडाच्या उंचीसाठी मी एकच माप देतो, मुलाचा गुडघा. त्याहून उंच काही ठेवू नये. आमचा लोड आठ इंचांचा होता, नातवाचा गुडघा त्याहून दोन बोटे वर. लोडानंतर दुसऱ्या वेणीचे मोठे वर्तुळ, त्यात दोन्ही पायांनी उडी मारून आत, आणि बाहेर पडताना एका पायावर लंगडी. चौथ्या वर्षी एका पायावर दोन-तीन उड्या जमतात, बहुधा एकाच पायावर. शेवटी गोधडीवरून रांगत खुर्चीपाशी यायचे. प्रत्येक फेरीला आजींच्या मांडीवरच्या पिशवीच्या काठाला कपड्यांचा एक चिमटा लावायचा. दहा चिमटे लागले की खेळ संपला. या चिमट्यांची कल्पना आजींची, आणि ती मला फार आवडली. धावून आलेले मूल चिमटा उघडून लावण्यासाठी थांबते, श्वास घेते, आणि बोटांनाही काम मिळते.

वाट एकाच दिशेने जावी. शेजारची मुलगी खेळायला येऊ लागली तेव्हा आजींनी ठरवून दिले की पहिला भिडू लोड उतरून गादीवर पोहोचला की मगच दुसऱ्याने सतरंजी सोडायची. समोरासमोर आलेल्या दोन मुलांची डोकी ज्या आवाजाने आपटतात, तो आवाज ऐकलेल्या माणसाला हा नियम जाचक वाटणार नाही.

मूल लोडावर चढले की आपला हात आपोआप पुढे जातो. त्याचे मनगट धरून आपण त्याला पलीकडे उतरवतो, किंवा ते घसरू लागले की हात धरून वर खेचतो. मायेची ही कृती या खेळातली एक मोठी चूक आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कोपरातील एका हाडाला धरून ठेवणारा पट्टा अजून सैल असतो. ताठ हाताला एकदम झटका बसला की ते हाड त्या पट्ट्यातून किंचित निसटते. मूल रडते, मग थोड्या वेळाने शांत होते, पण तो हात वापरत नाही. किंचित वाकवलेला, पोटाशी धरलेला किंवा लुळ्यासारखा लोंबणारा हात, सूज जवळजवळ नाही, आणि चॉकलेट पुढे केले तरी दुसराच हात पुढे येतो. असे दिसले तर मालीश करू नये, हात ओढून पाहू नये, सरळ डॉक्टरांकडे यावे. हाड जागेवर बसवायला काही क्षण लागतात आणि बहुतेक मुले पुढच्या काही मिनिटांत तो हात वर उचलतात. सूज असेल किंवा हातावर पडल्यानंतर दुखत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे हाड मोडले नाही ना, हे आधी पाहावे लागते.

म्हणून आधार द्यायचाच तर दोन्ही काखांखाली हात घालून, छातीला धरून द्यावा. पण ठिसूळ हाडांच्या आजीने वाकून सोळा किलोचे मूल उचलावे, असे मी कधीच म्हणणार नाही. अडथळाच इतका बुटका ठेवावा की आधाराची गरज पडू नये. मुलाला एखादा टप्पा आधाराशिवाय पार करता येत नसेल, तर तो टप्पा त्या दिवशी काढून टाकावा. या घरात पहिल्या आठवड्यात लोडाऐवजी नुसती गुंडाळलेली गोधडी होती.

वाट सोपी झाली की अवघड, हे मुलाच्या शरीरावरून ओळखता येते. अवघड वाटत असेल तर दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर जातात, गुडघे ताठ होतात, श्वास रोखला जातो आणि मूल टप्प्याला वळसा घालते किंवा एकाएकी त्याला शू लागते. जमण्यासारखी असेल तर ते क्षणभर थांबते, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते आणि पाय टाकला जातो. हा क्षणभराचा थांबा आपल्याला हवा असतो. तो नाहीसा झाला की मूल नुसते धावू लागते, आणि पडापडी त्याच वेळी सुरू होते. अशा वेळी एकच गोष्ट बदलावी. उशांमधले अंतर दोन बोटे वाढवावे, किंवा सरळ वेणी नागमोडी करावी. मांडामांड मुलानेच करावी, आजीने खुर्चीतून सांगावे. उशी उचलून नेणे हाही या वयात चांगला व्यायाम आहे आणि आपली कंबर वाचते. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी, त्यातला निदान एक तास दमवणारी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या दहा फेऱ्यांना वीस मिनिटे लागत. उरलेल्यासाठी गल्ली आणि मैदान आहेच.

गच्ची असेल तर माझा सूर थोडा कडक होतो. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण चाळीस इंच आणि गच्चीचा कठडा साधारण साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस इंच. मुलाचे डोके कठड्याच्या आत राहते आणि आपण निर्धास्त होतो. आता दहा इंचांचा एक लोड कठड्याला टेकवून ठेवा. लोडावर उभ्या राहिलेल्या मुलाला कठडा उरतो बत्तीस इंचांचा, जेमतेम खांद्याएवढा. दोन लोड एकावर एक ठेवले की उरतो बावीस इंच, म्हणजे बेंबीच्या आसपास. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे तोलाचा बिंदू वर असतो, आणि बेंबीपर्यंतच्या कठड्यावरून खाली वाकून पाहणारे मूल पलीकडे जाऊ शकते. उशा सहा फूट दूर ठेवल्या तरी मूल त्या ओढत नेते, कारण उशी हे ओढून नेण्यासारखेच खेळणे आहे. म्हणून ज्याला चटकन उठता येत नाही अशा माणसाने गच्चीवर एकट्याने हा खेळ मांडू नये. कठड्याच्या जागी गजांची जाळी असेल आणि दोन गजांमधून आपली मूठ सहज पार जात असेल, तर त्या गच्चीवर खेळच नको. सोबतीला तरुण माणूस असेल तर जिन्याच्या दाराला कडी घालावी, टाकीची शिडी अडवावी आणि कपडे वाळत घालायच्या तारा काढून ठेवाव्यात. फरशी तापली आहे का हे आपल्या पायांनी ठरवू नये, मधुमेही पायांना तर ते कळतच नाही. तळहात दहा सेकंद टेकवून पाहावा. टेकवता आला नाही तर मुलाचे पाय तिथे पोळतील. आणि पावसाळ्यात शेवाळ धरले की दसऱ्यापर्यंत गच्ची विसरावी.

रोज एकाच वाटेवर एकाच मुलाला पाहणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते, जी मला दवाखान्यातल्या दहा मिनिटांत दिसेलच असे नाही. गोधडीवरून उठताना मूल कसे उठते, ते पाहावे. बहुतेक मुले एक हात टेकून झटकन उभी राहतात. एखादा मुलगा मात्र आधी पालथा होतो, पार्श्वभाग वर करतो आणि मग हात आधी गुडघ्यावर, नंतर मांडीवर टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. एखाद्या दिवशी दमून तसे झाले तर सोडून द्यावे. पण रोजच तसे होत असेल, पोटऱ्या वाजवीपेक्षा जाड दिसत असतील, जिना चढताना तो मागे पडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते. तो आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो आणि रक्ताच्या एका साध्या तपासणीने शोधाची सुरुवात करता येते. माझ्याकडे असा एक मुलगा त्याच्या आजोबांच्या सांगण्यावरून आला होता. आईवडिलांना ते आजोबांचे घाबरटपण वाटत होते. निदान आनंदाचे नव्हते, पण ते लवकर झाले, औषध व व्यायाम वेळेवर सुरू झाले, आणि पुढच्या अपत्याचा विचार करताना त्या आईला नेमका सल्ला मिळाला.

पडणे होणारच. मूल पडून लगेच रडले, कुशीत घेतल्यावर थांबले आणि पुन्हा खेळू लागले तर काळजी नाही. डोके आपटल्यावर क्षणभरही शुद्ध गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, अवेळी गुंगी आली, कानानाकातून पाण्यासारखे किंवा रक्त आले, तर रुग्णालय गाठावे. मोठ्या माणसासाठी माझा नियम याहून कडक आहे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्या आजीआजोबांचे डोके आपटले, तर टेंगूळ नसले, दुखत नसले, ते हसत असले, तरीही त्याच दिवशी दाखवावे. डोक्यातला रक्तस्राव त्यांच्यात हळूहळू वाढतो आणि काही वेळा दोन दिवसांनी कळतो. ही गोष्ट घरातल्या तरुणांना ठाऊक असावी, कारण आजीआजोबा पडल्याचे सांगत नाहीत. खेळ बंद होईल याची भीती त्यांना मुलापेक्षा जास्त असते.

त्या घरात दहावा चिमटा लागला की नातू आधी उशा आत नेतो, मग वेणी. वेणीची गुंडाळी दारामागच्या उंच खुंटीवर जाते, त्याच्या हाताला लागणार नाही अशी. दिवेलागणीच्या आधी अंगण पूर्ण मोकळे झालेले असते. रात्री आजोबांसाठी पाणी घ्यायला आजींना त्याच अंगणातून नळाकडे जावे लागते.